हॉटमेलचा रिकव्हरी फॉर्म जन्मतारीख मानत नाही तेव्हा

प्रश्न: हॉटमेलचं जुनं खातं आहे, २००५ च्या आसपास सायबर कॅफेत उघडलेलं. फोन बदलला आणि पासवर्ड आठवेना. रिकव्हरी फॉर्म चार वेळा भरला, आधारवरची जन्मतारीख अगदी बरोबर टाकली, तरी दरवेळी माहिती पुरेशी नाही म्हणून नकार. तेव्हा तारीख भलतीच टाकली गेली असणार. आधार कार्ड पाठवून खरी तारीख ही आहे असं सांगता येईल का?

उत्तर: नाही, आणि त्यामागचं कारण आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मायक्रोसॉफ्टच्या `account.live.com/acsr` या फॉर्मात ओळखपत्र जोडायला जागाच नाही. असती तरी फारसा फायदा झाला नसता. आधार कार्ड सांगतं की तुम्ही कोण आणि तुमचा जन्म कधीचा. पण खातं उघडताना कुणी आधार बघितलं नव्हतं. कॅफेतल्या त्या खुर्चीत बसून जे भरलं गेलं तेवढीच नोंद आहे, आणि फॉर्म तुमचं उत्तर त्या नोंदीशी ताडून बघतो. नोंदीत १ जानेवारी असेल आणि तुम्ही खरी तारीख देत असाल, तर जितक्या वेळा खरं सांगाल तितक्या वेळा ते चुकीचंच ठरणार. ग्राहक सेवेशी बोलूनही हे सुटत नाही. तिथल्या माणसांना खात्यातली माहिती बघून बदलता येत नाही किंवा पासवर्ड बदलायची लिंक पाठवता येत नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्वतःच स्पष्ट लिहिलेलं आहे.

म्हणून शोधायचं आहे ते त्या दिवशी फॉर्मात काय भरलं गेलं ते. मी कराडात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. पूर्वी त्याच जागेत कॅफे होता, त्यामुळे त्या काळात लोकांची खाती कशी उघडली जायची हे मी रोज बघितलेलं आहे. त्या अनुभवावरून सांगतो.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. नकाराच्या मेलमध्ये माहिती पुरेशी नव्हती एवढंच लिहिलेलं असतं, कोणता रकाना चुकला ते नसतं. तारीख चुकली हा तुमचा अंदाज आहे, आणि तो बहुधा बरोबरही आहे. पण हा फॉर्म एकट्या तारखेवर अडत नाही. नाव, देश, पिन कोड, पूर्वीचे पासवर्ड, पाठवलेल्या मेलचे विषय असं बरंच काही तो विचारतो आणि सगळं मिळून हे खातं तुमचंच आहे का ते ठरवतो. ॲपलच्या सुरक्षा-प्रश्नांवर चालणाऱ्या जुन्या खात्यांचं वेगळं असतं. तिथे जन्मतारीख हेच पहिलं फाटक असतं, ती जुळल्याशिवाय प्रश्नच दिसत नाहीत. तुमच्या फॉर्ममध्ये तारीख चुकूनही खातं परत मिळू शकतं आणि बरोबर असूनही नाकारलं जाऊ शकतं. मी पुढे जे सांगतोय ते मायक्रोसॉफ्टच्या खात्यांपुरतंच आहे, म्हणजे हॉटमेल, लाइव्ह, एमएसएन आणि आउटलुक.

पुन्हा फॉर्म भरण्याआधी घरातली सगळी यंत्रं तपासा. जुना फोन ड्रॉवरमध्ये पडला असेल, तर चार्ज करून वायफायला जोडा आणि त्यातलं मेलचं ॲप उघडा. जुना लॅपटॉप असेल तर त्यातला ब्राउझर बघा. कुठेही ते खातं अजून उघडं असेल, तर तिथून लॉग आउट करू नका, ॲप काढू नका, फोन रीसेट करू नका. जुना फोन पुसून मुलाला देऊन टाकायचा आणि मग माझ्याकडे यायचं, असं दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी करतंच. उघड्या खात्यात पाठवलेल्या मेलचे विषय, फोल्डरची नावं हे सगळं समोर दिसतं. ब्राउझरमध्ये `account.microsoft.com` उघडलं आणि आत गेलंच, तर तुमच्या माहितीच्या पानावर नोंदलेली जन्मतारीखही दिसते. दरवेळी ते पान आत घेईलच असं नाही, पुष्कळदा पासवर्ड किंवा कोड मागतं. पण बघायला दोन मिनिटं लागतात.

आणखी दोन गोष्टी आधीच तपासा. पासवर्ड आठवतोय पण कोड जुन्या, बंद झालेल्या नंबरवर जातोय अशी स्थिती असेल, तर या फॉर्मची गरजच नाही. लॉगिन करून सुरक्षेची माहिती बदलायची विनंती करता येते, तिला ३० दिवस थांबावं लागतं, आणि त्यात जन्मतारखेचा संबंध येत नाही. दुसरी गोष्ट जरा कडू आहे. खात्यावर तुम्ही दोन टप्प्यांची पडताळणी चालू केलेली असेल, तर हा फॉर्म त्या खात्याला चालतच नाही. तारीख कितीही बरोबर शोधली तरी नाही.

आता तारखेकडे येतो. चुकीची तारीख म्हणजे कोणतीही तारीख असं आपल्याला वाटतं आणि माणूस हताश होतो. प्रत्यक्षात ती चार-पाच ठरावीक वाटांनीच आत शिरते, आणि वाट कळली की शक्यता मोजक्या उरतात.

सर्वांत जास्त दिसणारी वाट म्हणजे यादीतली पहिली नोंद. जन्मतारखेसाठी दिवस, महिना, वर्ष अशा तीन याद्या असतात. घाईत असलेला माणूस वर्ष तेवढं निवडतो, कारण वय चुकलं तर खातं उघडत नाही हे त्याला ठाऊक असतं. दिवस आणि महिना मात्र पहिला जो दिसेल तो. त्यामुळे अशा खात्यात १ जानेवारी आणि वर्ष खरं, ही जोडी पुन्हापुन्हा सापडते. मला आठवतं त्याप्रमाणे मधल्या काही वर्षांत हॉटमेलच्या फॉर्मवर पूर्ण तारीख न विचारता नुसतं जन्मवर्ष विचारत असत. तुमचं खातं त्या काळातलं असेल तर तुम्ही दिवस-महिना कधी भरलेलाच नसेल. तेव्हाही मी पहिल्यांदा त्या वर्षाची १ जानेवारीच देऊन बघतो.

दुसरी वाट खास आपल्याकडची. साठ-सत्तरीच्या पुढच्या कितीतरी मंडळींची शाळेच्या दाखल्यावरची तारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, जन्माची नोंद हाताशी नसायची, मग गुरुजी प्रवेशाचं वय बसेल अशी १ जून लिहून टाकायचे. अशा माणसाच्या दोन तारखा असतात, एक दाखल्यावरची आणि एक घरच्यांना ठाऊक असलेली, कुंडलीतली. कधी वर्षसुद्धा वेगळं असतं. मेलचं खातं उघडताना यातली कोणती सांगितली हे, खातं सरकारी कामासाठी उघडलं की नातवंडांशी बोलायला, यावर अवलंबून असायचं. दोन्ही करून बघाव्या लागतात.

तिसरी वाट मुलांची. अमेरिकेतल्या कायद्यामुळे तेरा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय खातं मिळत नसे, आणि हे शाळेतल्या पोरांना तोंडपाठ होतं. २००५ साली तुम्ही स्वतः बारा-तेरा वर्षांचे असाल तर इथे थांबून नीट आठवा. मुलं सहसा स्वतःचा दिवस आणि महिना तसाच ठेवत, फक्त वर्ष मागे नेत. किती मागे? काही जण एक-दोन वर्षं, पण बरेच जण थेट अठरा पूर्ण होतील एवढं. म्हणजे खातं उघडलं त्या वर्षातून अठरा किंवा एकोणीस वजा करा आणि आपला दिवस-महिना लावा.

चौथी वाट लोकांना खोटी वाटते, म्हणून दुकानात मी ती करून दाखवतो. वर्षाच्या यादीत १९७८ निवडलं. यादी बंद झाली, पण माऊसचं लक्ष अजून तिथेच आहे. आता पान खाली सरकवायला माऊसचं चाक फिरवलं की पान जागचं हलत नाही, यादीतलं वर्ष बदलतं, १९७८ चं १९८१ किंवा १९७५ होतं. तेव्हाच्या ब्राउझरमध्ये हे सर्रास व्हायचं. माणसाने बरोबर तारीख भरली, डोळ्यांनी बघितली, आणि नंतर चाकाने ती बदलली. म्हणून कुणी छातीठोक सांगत असेल की मी खरीच तारीख टाकली होती, तर मी दिवस आणि महिना तोच ठेवून वर्ष दोन-तीनने पुढे-मागे करून बघतो.

राहिली ती दिवस-महिन्याची अदलाबदल. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो. पाच ऑगस्टचा माणूस आकडे टाकताना ५ आणि ८ असं टाकतो आणि नोंद होते आठ मे. दिवस बारापर्यंतचा असेल तरच हे घडू शकतं. तुमची तारीख बाराच्या पुढची असेल तर ही शंका सोडून द्या.

पण या वाटांपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे, जो हात तारीख खोटी भरतो तोच हात शेजारचे रकानेही भरत असतो. तारीख सहसा एकटी चुकत नाही. ज्याने १ जानेवारी ठेवली त्याने देशही पहिला दिसला तो ठेवला असणार, आडनावाच्या जागी काहीतरी टाकलं असणार. लोक तारखेचे अंदाज बदलत राहतात आणि नाव, देश, पिन कोड मात्र दरवेळी आजचे, खरे देतात. तारीख सापडली तरी बाकीचे रकाने तिच्या विरुद्ध बोलतात.

एक उदाहरण सांगतो. गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. मुलगी परदेशात, तिच्याशी वीस वर्षांचा पत्रव्यवहार हॉटमेलवर. फोन पाण्यात पडून गेला, पासवर्ड कुठे लिहिलेला नाही, खात्याला मोबाईल नंबर कधी जोडलेलाच नव्हता. त्यांनी सात वेळा फॉर्म भरला होता. तीनदा १ जून १९५१, ही दाखल्यावरची, आणि चारदा घरची, त्याच वर्षातल्या सप्टेंबरमधली. देश भारत, पिन कोड कराडचा, नाव पूर्ण आणि शुद्ध. सातही वेळा नकार.

मी त्यांना विचारलं, सर, कीबोर्डवर कोण बसलं होतं? त्यांनी आठवून सांगितलं की खातं मुलीनेच उघडून दिलं, २००४ साली, ती कॉलेजात होती तेव्हा. मग आम्ही मुलीलाच फोन लावला. तारखेचं तिला काहीच आठवेना. मी तारखेचा विषय सोडला आणि त्या दिवसाबद्दल विचारत गेलो. कोणता कॅफे, किती वाजता, घाई होती का. बोलता बोलता ती म्हणाली, "पिन कोड घेतच नव्हता हो तो. सारखं लाल अक्षरात चूक दाखवायचा. शेवटी मी एक दोन तीन चार पाच टाकलं आणि पुढे गेले."

या एका वाक्यात सगळं होतं. आपला पिन कोड सहा आकडी, तो फॉर्म पाचच आकडे मागत होता. पाच आकडी कोड अमेरिकेचा. म्हणजे देशाच्या रकान्यात भारत निवडलेलाच नव्हता, यादीत आधीपासून असलेलं United States तसंच राहिलं होतं. आणि १२३४५ हा अमेरिकेत खरोखरच चालणारा कोड आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी शहराचा, म्हणून फॉर्मने तो मुकाट्याने घेतला. म्हणजे राज्यही कळलं. ज्या मुलीने देशाची यादी उघडली नाही, तिने दिवस आणि महिन्याचीही उघडली नसणार. वर्ष तिने विचारून टाकलं असेल, आणि वडील विचारल्यावर दाखल्यावरचंच वर्ष सांगणार. तारीख ठरली १ जानेवारी १९५१.

नावाचंही तसंच. सर नाव सांगताना आडनाव आधी सांगतात, शाळेच्या हजेरीपटासारखं. मुलीने ते तसंच भरलं असण्याची शक्यता होती, म्हणजे पहिल्या नावाच्या जागी आडनाव. मेल गेल्यावर समोरच्याला पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं, त्यावरून हे तपासता येतं. सरांच्या भावाच्या इनबॉक्समध्ये बघितलं तर खरंच आडनाव आधी होतं. तुमच्या बाबतीतही हे पडताळा. स्त्रियांच्या खात्यात माहेरचं आडनाव असतं, तेही विसरलं जातं.

इतकं जमवूनही मी त्या दिवशी लगेच फॉर्म भरला नाही, कारण नाव, तारीख आणि कोड या गोष्टी ओळखीच्या कुणालाही ठाऊक असू शकतात. वजन पडतं ते फक्त खातेदारालाच ठाऊक असलेल्या गोष्टींचं, म्हणजे पूर्वीचे पासवर्ड आणि मेलचे विषय. विषय आठवून लिहायचे नसतात, मिळवायचे असतात. ज्यांना तुम्ही मेल पाठवलेत त्यांना फोन करा, तुमचा पत्ता शोधून त्यांच्याकडे आलेल्या अलीकडच्या मेलचे विषय जसेच्या तसे मागवा. फोटो काढून पाठवायला सांगा, वाचून दाखवायला नको, कारण वाचताना माणूस स्पेलिंग सुधारून वाचतो. सरांच्या एका मेलचा विषय `Ganpati photoes` होता. मुलीने तो फोनवर शुद्ध करून सांगितला होता, फोटोत मात्र जुनी चूक तशीच दिसली. आम्ही चुकीसकट लिहिला. भाऊ, मुलगी आणि एक जुने सहकारी अशा तिघांकडून मिळून सहा विषय जमले. विषय अलीकडचे घ्या, दहा वर्षांपूर्वीचे नकोत. विषय न लिहिलेले मेल कामाचे नाहीत. स्वतः केलेल्या फोल्डरचं नाव आठवत असेल तर तेही लिहा.

पासवर्डच्या रकान्यात आठवतील ते सगळे जुने लिहा, चालू नसलेलेसुद्धा. सरांना शेवटचा आठवत नव्हता, पण त्याआधीचे दोन त्यांनी डायरीत लिहिलेले होते. खात्री नसलेलं उत्तरही रकाना रिकामा ठेवण्यापेक्षा बरं.

मग फॉर्म. तो भरायला सरांना मी दुकानात बसवलं नाही, त्यांच्या घरी गेलो. ज्या लॅपटॉपवरून ते खातं पूर्वी वापरत त्याच लॅपटॉपवर, त्याच घरच्या इंटरनेटवर भरला. नेहमीच्या यंत्रावरून आणि नेहमीच्या जागेवरून भरा, असं मायक्रोसॉफ्टही सांगते. तुम्ही नव्या फोनवरून, ऑफिसच्या नेटवर भरत असाल तर चार नकारांमागे तेही एक कारण असू शकतं. संपर्कासाठी चालू असलेला दुसरा मेल पत्ता द्यावा लागतो. त्यावर आधी कोड येतो आणि नंतर निकालही तिथेच येतो, साधारण २४ तासांच्या आत. तो पत्ता घरातल्या कुणाचाही चालतो, फक्त स्पॅमही बघत राहा.

दिवसातून दोनदाच फॉर्म भरता येतो, त्यामुळे अंदाजाने मारा करून चालत नाही. मी एका कागदावर तक्ता करतो. प्रत्येक वेळी कोणती तारीख, कोणता देश, कोड, नावाचा कोणता क्रम दिला आणि निकाल काय आला ते लिहितो. पहिल्या वेळी सर्वांत शक्य वाटणारी पूर्ण जोडी द्यायची. पुढच्या वेळी विषय आणि पासवर्ड तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काय लागू पडलं आणि काय बिघडलं हे कळत नाही. सरांचा पहिला फॉर्म नाकारला गेला. त्यात मी नाव पहिलं आणि आडनाव नंतर असं लिहिलं होतं, भावाच्या इनबॉक्समध्ये बघूनही हाताच्या सवयीने. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा केला, बाकी सगळं तेच ठेवलं. संध्याकाळी त्यांच्या सुनेच्या मेलवर पासवर्ड बदलायची लिंक आली.

तुमच्यासाठी मी हाच क्रम धरेन. सर्वांत आधी, २००५ साली कीबोर्डवर कोण होतं ते ठरवा. तुम्ही स्वतः असाल तर तेव्हाचं वय, आणि कॅफेवाला किंवा मित्र असेल तर त्याची सवय. त्याच काळात त्याच हाताने तुमची दुसरी खाती उघडली असतील तर ती बघा. फेसबुकवर तुम्हाला दरवर्षी भलत्याच दिवशी वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात का? येत असतील तर तोच दिवस हॉटमेलमध्येही असण्याची शक्यता मोठी आहे. याहू किंवा नोकरीच्या एखाद्या संकेतस्थळावरचं जुनं प्रोफाइल अजून उघडत असेल तर त्यातली तारीख आणि पिन कोड टिपून घ्या. त्या काळातली डायरी, वहीची मागची पानं, बायोडेटाची जुनी प्रत, हेही चाळा. पासवर्ड नाही तरी काही ना काही सापडतं.

खातं परत मिळालं की त्याच बैठकीत तारीख दुरुस्त करा. माझ्या मते दाखल्यावरची किंवा आधारवरची द्यावी, कारण पुढे कधी कुणी विचारलं तर तीच आठवेल. वर्ष निवडताना मात्र दोनदा बघा. चुकून अलीकडचं वर्ष निवडलं गेलं तर खातं लहान मुलाचं समजलं जातं आणि पालकांची संमती मागत बसतं. देशही दुरुस्त करा, आणि स्वतःचा चालू मोबाईल नंबर आणि दुसरा मेल पत्ता जोडा. सुरक्षेच्या पानावर २५ अक्षरांचा रिकव्हरी कोड काढून मिळतो. तो छापून पासबुकाच्या पिशवीत ठेवा, मेलमध्ये ठेवू नका. तो हाताशी असेल तर पुढच्या वेळी या फॉर्मपर्यंत यावंच लागणार नाही.

आता न होण्याची शक्यताही सांगितली पाहिजे. आउटलुकची मेलपेटी वर्षभर उघडली नाही तर रिकामी होऊ शकते, आणि खातं दोन वर्षं वापरलं नाही तर बंद होऊ शकतं. तुम्ही नुकताच फोन बदलला म्हणताय, म्हणजे तोवर ते चालू होतं, ही जमेची बाजू. पण उद्या करू म्हणत वर्ष घालवू नका. वर सांगितलेल्या सगळ्या शक्यता, अलीकडचे पाच-सहा विषय आणि दोन तरी जुने पासवर्ड घेऊन, नेहमीच्या यंत्रावरून दहा-बारा वेळा नीट भरूनही नकारच आला, तर मी ते खातं सोडून द्यायला सांगतो. त्यानंतरचा वेळ उलट बाजूने घालवावा. बँक, विमा, म्युच्युअल फंड, प्राप्तिकर, जिथे जिथे तो मेल पत्ता दिला आहे तिथे शाखेत जाऊन किंवा मोबाईल नंबरवरच्या ओटीपीने तो बदलून घ्यावा. हे खरं तर आजपासूनच, फॉर्मच्या बरोबरीने सुरू करा, कारण खातं मिळालं तरी त्याने नुकसान होत नाही.

अशा प्रश्नांखाली हटकून कुणीतरी येतं आणि पैसे घेऊन खातं सोडवून देतो म्हणतं. या फॉर्मला मागचं दार नाही. ते तुमच्याकडून जुने पासवर्ड, तारीख, मेलचे विषय मागतील, म्हणजे खातं मिळवायला लागतं नेमकं तेच. मिळालंच तर ते त्यांना मिळेल.

कीबोर्डवर कोण होतं, तेव्हा तुमचं वय किती होतं आणि फॉर्म कोणत्या यंत्रावरून भरला, एवढं कळवा, म्हणजे शक्यतांचा क्रम मी नीट लावून देईन. खरी तारीख, मेल पत्ता किंवा जुने पासवर्ड मात्र इथे लिहू नका, मला त्यांची गरज नाही.